टाकी भरली तरी रिले ओढत नाही, किंवा टाकी रिकामी झाली तरी सुटत नाही: डार्लिंग्टन जोडीचं समस्या निवारण

आपल्याकडे मराठवाड्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, बोअर उन्हाळ्यात आटतं आणि मग टँकर. त्यामुळे गच्चीवरची टाकी भरून वाहणं कुणालाच परवडत नाही. दोन ट्रान्झिस्टरचा लेव्हल कंट्रोलर म्हणूनच घरोघरी दिसतो: टाकीच्या तोंडाशी दोन सळया, त्यांना पाणी टेकलं की रिले ओढतो आणि मोटार बंद होते. मी हे बोर्ड दुरुस्त करतो, आणि त्यात एकच बिघाड इतक्या वेळा समोर आला आहे की तो सविस्तर लिहून ठेवतोय.

इथे धरलेला बोर्ड असा: १२ व्होल्टचा पुरवठा, ४०० ओहमच्या कॉइलचा रिले, दोन बीसी५४७. पुरवठ्याच्या धन टोकापासून एक सळई, पाण्यातून दुसरी सळई, तिथून ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि मग पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस. पहिल्याचा एमिटर थेट दुसऱ्याच्या बेसला. दोघांचे कलेक्टर एकत्र करून रिलेच्या कॉइलला, आणि दुसऱ्याचा एमिटर ग्राउंडला. कॉइलवर उलटा डायोड. बेल लॅब्समधल्या सिडनी डार्लिंग्टन यांच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. त्यांना तिचं पेटंट १९५३ साली मिळालं.

लक्षणं

यातलं एखादं दिसत असेल तर पुढचं वाचा.

- बोअरच्या पाण्यावर बोर्ड नीट चालायचा. पावसाचं किंवा टँकरचं पाणी आल्यापासून टाकी भरली तरी रिले ओढत नाही.
- दुपारी चालतो, थंडीतल्या पहाटे चालत नाही.
- बेसवर मीटर लावला तर ०.९ ते १ व्होल्ट दिसतो, म्हणजे "०.७ पेक्षा जास्तच आहे", तरी रिले गप्प.
- उलट प्रकार: पाणी खाली गेलं तरी रिले सुटत नाही, विशेषतः पावसाळ्यात किंवा दव पडल्यावर.
- बॅटरीवर असताना रिले ओढतो-सोडतो, किरकिर करतो.

हात लावण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. बोर्डावर ट्रान्सफॉर्मर किंवा बंद अडॅप्टर नसेल आणि २३० व्होल्टची तार एका मोठ्या चपट्या कपॅसिटरमधून थेट बोर्डावर येत असेल, तर तो बोर्ड दुरुस्त करूच नका. त्याच्या सळया, म्हणजे टाकीतलं पाणी, लाइनला जोडलेलं असू शकतं. एमसीबी बंद करा आणि तो बोर्ड काढूनच टाका.

आधी फुकटातली तपासणी

सळयांच्या दोन्ही तारा बोर्डाच्या टर्मिनलवरून सोडवा आणि तिथेच तारेच्या तुकड्याने टर्मिनल एकमेकांना जोडा. रिले ओढला तर रिले, कॉइल आणि दोन्ही ट्रान्झिस्टर जिवंत आहेत. अडचण पाण्याकडून येणाऱ्या करंटची आहे. नाही ओढला, तर टर्मिनल जोडलेलेच ठेवून दुसऱ्या एका तारेने कलेक्टरचा सांधा क्षणभर ग्राउंडला टेकवा. आता कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. तरीही 'टक' आवाज नाही, तर रिले किंवा पुरवठा गेलेला आहे. या दोन मिनिटांच्या कामाने अर्धा बोर्ड संशयातून सुटतो, म्हणून सोल्डरिंग गन तापवायच्या आधी हेच करा.

टर्मिनल जोडल्यावर चालत असेल तर सळया वर काढून बघा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, सळईवर पांढरा थर बसतो आणि तो विजेला अडवतो. सळयांत एकाच दिशेने करंट वाहत असल्याने धन बाजूची सळई झिजतेही. तांब्याची असेल तर हिरवी पडून कमी होत जाते. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने थर काढा, पॉलिश पेपर मारा. सळई झिजली असेल तर स्टेनलेस स्टीलची बसवा.

मग मीटर: दोन बेस, दोन आकडे

सळया स्वच्छ, पाण्यात बुडलेल्या, पुरवठा चालू. मीटरची काळी तार ग्राउंडला. लाल तार आधी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला लावा, मग पहिल्याच्या.

जोडी चालू असेल तर दुसऱ्याच्या बेसवर साधारण ०.७ आणि पहिल्याच्या बेसवर १.२५ ते १.३ व्होल्ट दिसतो. पहिल्याच्या बेसवर १.१ च्या खाली असेल तर जोडी बंद आहे, आणि ती बंद असणं बरोबरच आहे. बहुतेक लोक इथेच अडकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पहिल्याच्या बेसमध्ये शिरलेला करंट कोणत्या वाटेने ग्राउंडला पोचतो ते बोटाने बोर्डावर काढून पाहा. पहिल्याचा बेस, पहिल्याचा एमिटर, तिथून दुसऱ्याचा बेस, दुसऱ्याचा एमिटर, ग्राउंड. मधे दुसरी पळवाट नाही. म्हणजे वाटेत सिलिकॉनचे दोन जंक्शन एकामागे एक, सिरीजमध्ये आहेत. उंबऱ्यामागे दुसरा उंबरा असावा तसं: दोन्ही ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. सिरीजमधल्या व्होल्टेजची बेरीज होते, म्हणून पहिल्याच्या बेसला दोन्ही ड्रॉप मिळून जेवढं होतं तेवढं व्होल्टेज द्यावंच लागतं. १ व्होल्ट दिलात तर तो दोघांत वाटला जातो, आणि कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही.

मग बेरीज १.४ का नाही, १.२८ च्या आसपास का? कारण पहिल्या ट्रान्झिस्टरमधून दुसऱ्याच्या साधारण शंभराव्या भागाइतकाच करंट वाहतो. करंट दहापट कमी झाला की बेस-एमिटर ड्रॉप सुमारे ०.०६ व्होल्टने कमी होतो; शंभरपट कमी, तर ०.१२ ने. दुसऱ्यावर ०.७० असेल तर पहिल्यावर ०.५८, बेरीज १.२८. मीटरवर हाच आकडा येतो.

पहाटे न चालण्याचं कोडंही यातच सुटतं. प्रत्येक जंक्शनचा ड्रॉप तापमान एक अंश वाढलं की सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. जंक्शन दोन, म्हणून बेरीज ४ ने घटते. गच्चीवरच्या डब्यात मे महिन्याच्या दुपारी ५० अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंश धरले तर फरक ०.१६ व्होल्टचा. त्यात थंड पाण्यातून करंटही कमी वाहतो. जो बोर्ड काठावर चालतो तो पहाटे दगा देतो. ट्रान्झिस्टर बदलून यात काहीही फरक पडत नाही.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा १० किलोओहमचा रेझिस्टर

आता पहिल्याच्या बेसपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर शोधा. तपकिरी-काळा-नारिंगी पट्टे, म्हणजे १० किलोओहम, दिसले की समजा सापडलं.

जालना जिल्ह्यातल्या एका घरचा बोर्ड उदाहरणाला घेतो. बोअरवर व्यवस्थित चालत होता. जूनमध्ये त्यांनी गच्चीचं पावसाचं पाणी गाळून टाकीत घ्यायला सुरुवात केली आणि टाकी वाहू लागली. पहिल्याच्या बेसवर ०.९४ व्होल्ट. पाण्याचा रेझिस्टन्स मीटरच्या ओहम रेंजवर पाहू नका, आकडा सरकत राहतो. त्याऐवजी ४७ किलोओहमच्या दोन्ही टोकांमधलं व्होल्टेज मोजा. तिथे ४.४४ व्होल्ट होते, म्हणजे करंट सुमारे ९४ मायक्रोअँपिअर. सळयांमध्ये उरले ६.६ व्होल्ट, म्हणजे पाणी ७० किलोओहमचं. बोअरचं पाणी त्याच सळयांत १५ किलोओहम दाखवत होतं.

आता हिशोब. जोडी चालू होण्यासाठी बेसवर १.२८ व्होल्ट हवेत. तेवढ्या व्होल्टला तो १० किलोओहमचा रेझिस्टर एकटाच १२८ मायक्रोअँपिअर ग्राउंडला नेतो. बोअरच्या पाण्यातून १७३ येत होते. १२८ रेझिस्टरने नेले तरी ४५ बेसला उरत होते. पावसाच्या पाण्यातून, बेसवर १.२८ धरून, फक्त ९२ येऊ शकतात. रेझिस्टरची भूकच भागत नाही, तर बेसला काय उरणार! या बोर्डावर पाण्याचा रेझिस्टन्स साधारण ३६ किलोओहमच्या वर गेला की रिले ओढणारच नाही.

एकच ट्रान्झिस्टर असता तर ०.९४ व्होल्टच्या जागी चालू होऊन ०.६५ वर थांबला असता. म्हणूनच हा रेझिस्टर एका ट्रान्झिस्टरच्या नकाशातून उचललेला दिसतो. किंवा दुसऱ्याच्या बेसवर बसायचा तो चुकून पहिल्याच्या बेसवर बसलेला असतो. दुसऱ्याच्या बेसवर १० किलोओहम अगदी योग्य आहे: तिथे करंट आधीच शंभरपट झालेला असतो, त्यातले ७० मायक्रोअँपिअर गेले तर काही बिघडत नाही, आणि पहिल्याची गळती ग्राउंडला जाते. पहिल्याच्या बेसवर मात्र तोच रेझिस्टर जोडीचा सगळा फायदा खाऊन टाकतो.

तो फायदा किती, तेही पाहू. पहिल्याचा एमिटर करंट हाच दुसऱ्याचा बेस करंट, म्हणून दोन्ही बीटांचा गुणाकार होतो. ड्रॉपची बेरीज आणि गेनचा गुणाकार, दोन्ही त्याच एका वाटेमुळे. नेमकं सूत्र असं:

```
β = β1·β2 + β1 + β2
100·100 + 100 + 100 = 10200
```

बीसी५४७ चा बीटा किमान ११० दिलेला असतो, पण पहिला ट्रान्झिस्टर फार कमी करंटवर चालतो आणि तिथे बीटा थोडा घसरतो, म्हणून मी १०० धरतो. रिलेला सुमारे २८ मिलिअँपिअर हवेत. १०२०० ने भागले तर बेसला २.७ मायक्रोअँपिअर पुरतात. एका ट्रान्झिस्टरला २८० लागले असते, आणि तेवढे पावसाच्या पाण्यातून कधीच मिळत नाहीत.

इनपुट रेझिस्टन्सची गोष्टही तीच. एमिटरमधला कोणताही रेझिस्टन्स बेसकडून पाहिला की करंट गेनच्या पटीने मोठा दिसतो. काही बोर्डांत रिले कलेक्टरऐवजी एमिटरमध्ये असतो. तिथे ४०० ओहमची कॉइल बेसकडून सुमारे ४ मेगओहम दिसते, एका ट्रान्झिस्टरमधून पाहिली तर ४० किलोओहम. ७० किलोओहमच्या पाण्यावर ४ मेगओहमचं ओझं म्हणजे जवळजवळ नाहीच. आपल्या बोर्डात एमिटर ग्राउंडला आहे, तरी दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा स्वतःचा बेस-एमिटर रेझिस्टन्स पहिल्याच्या एमिटरमध्ये बसल्यासारखाच असतो आणि पहिल्याच्या बीटाने गुणला जातो. त्यात पहिल्याचा स्वतःचा रेझिस्टन्स मिळवायचा. गंमत अशी की हे दोन्ही भाग सारखेच भरतात:

```
Rin = 2 · β1 · β2 · 26mV / Ic
2 · 100 · 100 · 26mV / 28mA ≈ 18.6 kΩ
```

एकट्या ट्रान्झिस्टरचा हाच आकडा ९३ ओहम. हे सूत्र जोडी चालू झाल्यावर, पण रिले पूर्ण ओढून कलेक्टर तळाला जाण्याआधीच्या टप्प्याचं आहे, १.१ व्होल्टच्या खाली तर बेस जवळपास काहीच घेत नाही. एवढा मोठा इनपुट रेझिस्टन्स मिळवायचा आणि शेजारी १० किलोओहम ग्राउंडला बांधायचा, यात काही अर्थ नाही.

उपाय चार आण्याचा: त्या जागी १०० किलोओहम. १.२८ व्होल्टला तो फक्त १३ मायक्रोअँपिअर नेतो. पावसाच्या पाण्यातून येणाऱ्या ९२ पैकी ७९ बेसला मिळतात, हवे असतात अडीच-तीन. हिशोबाने पाणी ६०० किलोओहमचं झालं तरी रिले ओढेल. जालन्याच्या बोर्डाला हाच एक बदल पुरला.

मग तो रेझिस्टर काढूनच टाकला तर?

पुष्कळ जण टाकतात, आणि मग पावसाळ्यात उलट तक्रार येते: रिले सुटत नाही. एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला फार कमी करंट लागतो. १२ व्होल्टचा रिले सुमारे दहा टक्क्यांवर सुटतो असं धरलं तर ३ मिलिअँपिअर, म्हणजे बेसला ०.३ मायक्रोअँपिअर. ओल्या लाकडी पट्टीतून, शेवाळलेल्या पीव्हीसी टोपीतून, तारेच्या ओलसर जोडातून तेवढी गळती सहज होते. ३६ मेगओहमची ओलही पुरते. १०० किलोओहम असेल तर तो आधी ११-१२ मायक्रोअँपिअर पिऊन टाकतो, आणि गळतीचा रेझिस्टन्स एक मेगओहमच्या आसपास उतरेपर्यंत रिले नीट सुटतो. त्याखाली गळती असेल तर रेझिस्टरशी खेळू नका. सळयांची पट्टी बदला, दोन सळयांत अंतर वाढवा, जोड कोरडा करून स्लीव्ह घाला.

बेसला मीटरची तार लावताच रिले सुटत असेल तर दचकू नका. स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १ मेगओहमच असतो आणि तो बेसच्या गळतीला ग्राउंडची वाट देतो. तार लावल्यावर सुटला, याचा अर्थच असा की रिले गळतीवर तग धरून होता.

बॅटरीवर किरकिर

चालू जोडीच्या कलेक्टरवर व्होल्टेज मोजा. ०.८ च्या आसपास असेल, ०.१ किंवा ०.२ नाही. दोन्ही कलेक्टर एकत्र आहेत आणि पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसवर, म्हणजे ०.७ वर, उभा आहे. म्हणून कलेक्टर त्याच्या खाली जाऊच शकत नाही. दुसरा ट्रान्झिस्टर कधीच पूर्ण सॅच्युरेट होत नाही. हा बिघाड नाही, जोडणीचा स्वभाव आहे. लाइट गेल्यावर बॅटरी उतरून ९.५ व्होल्टवर आली की कॉइलला ८.७ मिळतात, आणि बहुतेक १२ व्होल्टच्या रिलेंना ओढायला ९ लागतात. बॅटरी बदला. ५ व्होल्टच्या बोर्डावर हा ०.८ अजून जास्त बोचतो. तिथे मी डार्लिंग्टन वापरतच नाही.

शेवटी ट्रान्झिस्टर

इथवर सगळं बरोबर निघालं तरच सोल्डर काढा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. डायोड रेंजवर बेसपासून दोन्ही पायांकडे ०.६ ते ०.७ दिसायला हवं, उलट दिशेने काहीच नाही. पहिल्याच्या बेसवर १.३ च्या खूप वर, तीन-चार व्होल्ट दिसत असतील तर कुठलातरी बेस-एमिटर जंक्शन तुटलेला आहे. दुसऱ्याच्या बेसचा आकडा कोणता ते सांगतो. तिथेही ०.७ च्या बराच वर असेल तर दुसरा, नाहीतर पहिला. दुसरा वारंवार जळत असेल तर कॉइलवरचा डायोड तपासा.

बदली म्हणून टीआयपी१२२ बसवणार असाल तर लक्षात घ्या की त्याच्या आत दोन्ही जंक्शनवर रेझिस्टर आधीच आहेत, काही हजार ओहमचा एक आणि सव्वाशे ओहमच्या आसपासचा दुसरा. दोन गोष्टी होतात. मीटरच्या डायोड रेंजवर बेस-एमिटर १.३ नाही तर ०.७-०.८ दाखवतो, कारण मीटरचा मिलिअँपिअरभर करंट दुसऱ्या जंक्शनला टाळून त्या छोट्या रेझिस्टरमधून जातो; ट्रान्झिस्टर चांगलाच असतो. आणि ते रेझिस्टर चालू होण्याआधीच शंभरेक मायक्रोअँपिअर खातात, म्हणून पावसाच्या पाण्यावर टीआयपी१२२ या बोर्डात निकामी आहे. तो मोठ्या करंटसाठी आहे. इथे दोन सुटे बीसी५४७ च हवेत.

इथे थांबा

रिलेच्या कॉइलपर्यंत १२ व्होल्ट आहेत, तोवर हे काम तुमचं. रिले टक करतो पण मोटार बंद किंवा चालू होत नाही, तर बिघाड रिलेच्या कॉन्टॅक्टपलीकडे आहे: स्टार्टर, कॉन्टॅक्टर, सबमर्सिबलचं पॅनल. तिथे २३० किंवा थ्री फेजचे ४१५ व्होल्ट असतात, आणि सिंगल फेज पॅनलमधले कपॅसिटर लाइट गेल्यावरही चार्ज धरून राहतात. ते पॅनल उघडू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. टाकीच्या पाण्याला किंवा लोखंडी शिडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर काहीही तपासायच्या आधी मेन स्विच बंद करा, घरच्यांना टाकीपासून दूर ठेवा, आणि वायरमनने अर्थिंग तपासेपर्यंत तो चालू करू नका.